तुपाची धार, भाताचा ढीग

मधुमेह असलेल्या घरांत हल्ली फ्रिजच्या दारावर एक यादी हमखास चिकटवलेली दिसते. डावीकडे पदार्थ, उजवीकडे आकडा. कलिंगड ७६, पांढरा भात ७३, उकडलेला बटाटा ७८, तळलेल्या बटाट्याच्या फोडी ६३, आइस्क्रीम ५१, चॉकलेट ४०. वर ठळक अक्षरांत ‘ग्लायसेमिक इंडेक्स’. मी ठाण्यात नौपाड्याला आहारतज्ज्ञ म्हणून बसते. माझ्याकडे येणारी माणसं ही यादी मोबाइलमध्ये घेऊनच येतात आणि एप्रिल-मेमध्ये तर एक वाक्य रोज ऐकू येतं: “कलिंगड पूर्ण बंद केलंय हं मॅडम.” जांभळी नाक्यावर हिरव्यागार कलिंगडांचे ढीग लागलेले असतात, उन्हानं जीव कासावीस झालेला असतो, आणि ही माणसं मान वळवून पुढे जातात. घरी येऊन मात्र भरपेट भात खातात, कारण यादीत भात कलिंगडापेक्षा तीन अंकांनी खाली आहे.

यादीतले आकडे कुणी मनानं लिहिलेले नाहीत. ते मोजलेले आहेत. फक्त ते ज्या प्रश्नाचं उत्तर देतात, तो प्रश्न आपण जेवताना विचारत नसतो.

ग्लायसेमिक इंडेक्स, म्हणजे जीआय, ही कल्पना टोरांटो विद्यापीठातल्या डेव्हिड जेनकिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये मांडली. मोजायची रीत अशी. साधारण दहा निरोगी माणसं रात्रभर उपाशी ठेवायची. सकाळी त्यांना एकच पदार्थ खायला द्यायचा, तोही असा मोजून की त्यातून पचणारं कर्बोदक बरोबर ५० ग्रॅम मिळालं पाहिजे. मग दोन तास ठरावीक वेळाने बोटातून रक्त घ्यायचं आणि साखर किती चढली, किती वेळ चढलेली राहिली, याचा आलेख काढायचा. त्याच माणसांना दुसऱ्या दिवशी ५० ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून द्यायचं आणि तसाच आलेख काढायचा. ग्लुकोजच्या आलेखाखालचं क्षेत्रफळ १०० धरलं, तर पदार्थाचं किती, हा झाला त्या पदार्थाचा जीआय. ५५ पर्यंत कमी, ७० पासून पुढे जास्त, मधले मध्यम.

यात दोन गोष्टी नीट पाहायला हव्यात. पहिली, पदार्थ एकटाच खाल्लेला आहे, सोबत काहीही नाही. दुसरी, प्रमाण पदार्थाने ठरवलेलं नाही, ५० ग्रॅमच्या अटीने ठरवलेलं आहे. कलिंगडाच्या १०० ग्रॅम गरात कर्बोदक जेमतेम साडेसात ग्रॅम असतं, बाकी जवळजवळ सगळं पाणी. म्हणजे ५० ग्रॅमची अट पुरी करायला साडेसहाशे ग्रॅमहून जास्त गर खावा लागतो. सकाळी रिकाम्या पोटी एवढं कलिंगड कोण खातं?

नेमकी हीच अडचण दूर करायला १९९७ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी ग्लायसेमिक लोड, म्हणजे जीएल, वापरायला सुरुवात केली. हिशेब अगदी सोपा आहे. तुम्ही प्रत्यक्ष जेवढं खाल्लं त्यातलं कर्बोदक ग्रॅममध्ये घ्यायचं, त्याला जीआयने गुणायचं आणि १०० ने भागायचं. एका बशीत दीडशे ग्रॅम कलिंगड धरा. कर्बोदक ११ ग्रॅम. ११ गुणिले ७६ भागिले १००, आठच्या थोडं वर. एका वेळच्या एका पदार्थाचा जीएल १० पर्यंत असला तर तो कमी धरतात, २० आणि त्यावर जास्त. आता दीडशे ग्रॅम शिजलेला भात घ्या, म्हणजे बेताच्या दोन मुदी. कर्बोदक ४२ ग्रॅमच्या आसपास, जीआय ७३, जीएल ३०. यादीत शेजारी शेजारी बसलेले हे दोन पदार्थ खऱ्या ताटात जवळजवळ चौपट अंतरावर आहेत.

इथपर्यंत सांगितलं की बहुतेकांचा चेहरा उजळतो. कलिंगड परत येतं, भात कमी होतो. पण आमच्या सोसायटीतल्या काकांनी पुढचा प्रश्न आणला, आणि तो मला सगळ्यात मोलाचा वाटतो.

काका बँकेतून निवृत्त झालेले, मधुमेहाला बरीच वर्षं झाली, मेटफॉर्मिन चालू. रोज पहाटे तलावपाळीला दोन फेऱ्या मारतात. मुलाने त्यांना दंडावर चिकटवायचा सेन्सर आणून दिला होता. दोन आठवडे तो दर काही मिनिटांनी साखर टिपून मोबाइलवर आलेख काढतो. काकांची एकच तक्रार होती.

“अगं, भातावर तूप घातलं की त्याचा जीआय उतरतो म्हणतात ना? मी रोज सकाळी मऊ भात, मेतकूट आणि वर चांगली तुपाची धार घेतो. तरी हा आलेख बघ.”

आलेख बघितला. खाण्याआधी १२१, एका तासाने २३८, दोन तासांनी २०४, तीन तासांनी १६५. एक उंच सुळका.

काकूंना विचारलं, भात किती लावता. त्या म्हणाल्या, “एकट्यासाठी म्हणशील तर ही वाटी.” वाटी घरी आणून वजन केलं, तर ८० ग्रॅम तांदूळ भरले. आणि मग काकू हळूच म्हणाल्या, “पूर्वी अर्धीच लावायचे गं. तूप चालतं म्हटल्यावर हे थोडं जास्त घ्यायला लागले.”

तुपाबद्दल काकांनी जे ऐकलं होतं त्यात तथ्य आहे. ते पोटात कसं घडतं, हे समजलं की ते किती आणि कुठवर खरं आहे, तेही कळतं.

भाताची साखर रक्तात जाते ती लहान आतड्यातून. जठरातून जवळजवळ नाहीच. म्हणून साखर किती वेगाने चढणार हे बऱ्याच अंशी जठर आपला ऐवज आतड्यात किती वेगाने सोडतं यावर ठरतं. जठराच्या तळाशी एक आकुंचन पावणारं दार आहे. लहान आतड्यात स्निग्ध पदार्थ किंवा प्रथिनं पोहोचली की आतड्याच्या अस्तरातल्या पेशी काही संप्रेरकं सोडतात. त्यांतली कोलेसिस्टोकायनिन आणि जीएलपी-१ ही दोन महत्त्वाची. ती जठराला सांगतात, जरा दमानं. दार आवळलं जातं, जठराच्या लाटा मंदावतात. वजनासाठी आणि मधुमेहासाठी जी नवी इंजेक्शनं सध्या गाजताहेत, त्यांतली बरीच याच जीएलपी-१ ची नक्कल करतात. त्यांच्यामुळे पोट लवकर भरल्यासारखं वाटतं, त्यात या मंदावण्याचाही वाटा आहे.

ठाणे स्टेशनला संध्याकाळची फास्ट लोकल लागते तेव्हा फलाटावर उतरणारी माणसं तेवढीच असतात. पूल रुंद असला तर सगळी एकदम बाहेर येतात, अरुंद असला तर हळूहळू येत राहतात. पण येतात सगळीच. तूप पूल अरुंद करतं, माणसं कमी करत नाही. काकांच्या वाटीत ८० ग्रॅम तांदूळ होते, त्यातलं ६२ ग्रॅम कर्बोदक. ते तूप घालून ६२ आणि न घालता ६२. जीआयमध्ये भाताची जात, शिजवण्याची पद्धत, सोबतचं तूप यांमुळे फरक पडतो, पण गुणाकारातला दुसरा आकडा, ग्रॅमचा, कोणत्याही तुपाने हलत नाही. काकांनी पहिला आकडा थोडा खाली आणला आणि त्याच भरवशावर दुसरा दुप्पट केला.

त्यात भात गुरगुट्या. जास्त पाण्यात, जास्त शिट्ट्या देऊन शिजवला की पिठूळ कण पूर्ण फुगतात, फुटतात आणि आतड्यातल्या विकरांना ते विनासायास मिळतात. मोकळ्या शिजवलेल्या भातापेक्षा याची साखर लवकर सुटते. आजारी माणसाला मऊ भात देतात तो याचसाठी, पचायला हलका म्हणून. मधुमेहात तोच हलकेपणा नडतो.

तुपाची धार म्हणजे किती, हेही पाहिलं. चहाचा एक चमचा, साधारण पाच ग्रॅम. जठर ठळकपणे मंदावलेलं दिसलं ते ज्या अभ्यासांत, तिथली मात्रा बरीच मोठी आहे. ऑस्ट्रेलियात ॲडलेडला टाइप २ मधुमेह असलेल्यांना बटाट्याच्या लगद्याआधी अर्धा तास ३० मिली ऑलिव्ह तेल दिलं, तेव्हा जठर मंदावलं आणि साखरेची चढण पुढे सरकली. ३० मिली म्हणजे सहा चमचे. रोज सकाळी भाताआधी सहा चमचे तूप घ्या, असं मी कुणालाही सांगणार नाही. त्यातून अडीचशेच्या आसपास उष्मांक वाढतात, आणि तुपातली संपृक्त चरबी महिनोन् महिने जास्त होत राहिली तर इन्सुलिनला शरीर जो प्रतिसाद देतं तो आणखी बोथट होऊ शकतो. एका जेवणाचा आलेख सुधारायचा आणि वर्षाचा बिघडवायचा, यात कसला फायदा?

मग मेतकूट? मेतकुटात हरभऱ्याची आणि उडदाची डाळ असते हे खरं. पण भातावर पडतं एक चमचा, त्यातून प्रथिन मिळतं जेमतेम एक ग्रॅम. चवीला ते अप्रतिमच, पण प्रथिन म्हणून त्यावर विसंबता येत नाही.

प्रथिनांचं काम तुपाहून वेगळं आहे. जठर तीही मंद करतात. शिवाय प्रथिनं पचून जी अमिनो आम्लं रक्तात येतात, ती आणि आतड्यातली संप्रेरकं मिळून स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात. म्हणजे साखर येण्याचा वेग कमी होतो आणि आलेली साखर पेशींत जाण्याची सोयही वाढते. निरोगी माणसांवर ग्लुकोजच्या पाण्यात प्रथिन आणि स्निग्ध वेगवेगळ्या प्रमाणांत मिसळून पाहिलं, तेव्हा ग्रॅमला ग्रॅम प्रथिनाचा परिणाम स्निग्धापेक्षा स्पष्ट जास्त निघाला. टाइप २ मध्ये स्वादुपिंडात इन्सुलिन बनवण्याची थोडीफार ताकद उरलेली असते, म्हणून हा आधार तिथे मिळतो. टाइप १ मध्ये इन्सुलिन बनतच नाही, तिथे हे गणित लागू होत नाही. उलट भरपूर प्रथिन-स्निग्ध असलेलं जेवण त्यांची साखर कित्येक तासांनी चढवतं.

काका-काकूंसमोर मी दुसरं ताट मांडलं. भात सोडायचा नाही, हे आधीच ठरलं होतं. ज्यांचा जन्म भातावर गेला त्यांना भात तोडायला सांगणं मला पटत नाही, आणि ते टिकतही नाही. तांदूळ निम्मे, ४० ग्रॅम. मोकळा भात. त्यावर घट्ट वरण, २५ ग्रॅम तूरडाळीचं. मोड आलेल्या मटकीची एक वाटी उसळ, कोरडी मटकी ३० ग्रॅम धरून. काकडीची कोशिंबीर, छोटी वाटी दही. तूप तेच, एक चमचा, कारण वरण-भाताला तूप हवंच. मऊ भाताची ही वेळ सकाळी अकराची, तीच ठेवली. काका त्यानंतर दुपारी फक्त ताक आणि फळ घेतात.

आता दोन्ही ताटांचा हिशेब शेजारी ठेवून बघा. पहिल्या ताटात कर्बोदक ६२ ग्रॅम, जीआय ७३ धरला तर जीएल ४५. दुसऱ्या ताटात भाताचं कर्बोदक ३१ ग्रॅम, मटकी आणि डाळीचं मिळून तेवढंच, आणखी ३१ च्या आसपास, दह्याचं चार-पाच. बेरीज ६६. पहिल्या ताटापेक्षा थोडी जास्तच! पण भाताच्या ३१ ग्रॅमचा जीएल २३ आणि कडधान्य-डाळीचा जीआय ३० धरला तर त्यांच्या ३१ ग्रॅमचा ९. दह्याचा नगण्य. एकूण ३२-३३. आणि प्रथिन? पहिल्या ताटात भातातलं आणि मेतकुटातलं मिळून सात ग्रॅमच्या आसपास. दुसऱ्या ताटात अठराच्या आसपास. नुसतं ‘कर्बोदक किती’ एवढंच मोजणाऱ्याला ही दोन ताटं सारखी वाटतील. नुसता भाताचा जीआय बघणाऱ्यालाही सारखीच वाटतील, कारण दोन्हीकडे भातच आहे. जीएल मांडला की पहिल्यांदा फरक दिसतो, आणि प्रथिन मांडलं की तो आणखी वाढतो.

खाण्याचा क्रमही बदलला. आधी कोशिंबीर आणि उसळ, सावकाश, मग वरण-भात. न्यूयॉर्कच्या वाइल कॉर्नेलमध्ये २०१५ साली टाइप २ मधुमेहाच्या ११ जणांवर हे करून पाहिलं होतं. तेच जेवण, तीच माणसं. एकदा ब्रेड आणि संत्र्याचा रस आधी, चिकन आणि भाज्या पंधरा मिनिटांनी. एकदा उलट. भाज्या आणि चिकन आधी खाल्ल्यावर एका तासाची साखर ३७ टक्क्यांनी कमी निघाली. माणसं फक्त ११, हे लक्षात ठेवायला हवं. पण कारण वर सांगितलेलंच आहे: भात आतड्यात पोहोचण्याआधी दार आवळायचा निरोप गेलेला असतो. आपल्याकडे वरण-भात आधी आणि उसळ तोंडी लावायला, अशी उलटी सवय. तेवढी एक बदलायला पैसे पडत नाहीत.

काकांचा दुसऱ्या ताटाचा आलेख असा आला: आधी १२४, एका तासाने १८२, दोन तासांनी १६६, तीन तासांनी १४८. सुळक्याची टेकडी झाली. अमेरिकन डायबेटिस असोसिएशन जेवणानंतर १८० च्या आत राहा म्हणते, त्या रेषेला शिखर टेकलं. काकू आलेखाकडे बघून म्हणाल्या, “म्हणजे मटकीच काम करून गेली.” मटकी, निम्मा भात, मोकळा भात, क्रम, या सगळ्यांनी मिळून केलं. वाटा कुणाचा किती, हे एका माणसाच्या एका आलेखावरून सुटं करता येत नाही.

तसंच माझ्या कागदावरचा ३२-३३ हा आकडा ढोबळ आहे. पदार्थांचे तक्त्यातले जीआय घेऊन ताटाचा जीआय काढला तर तो प्रत्यक्ष मोजलेल्यापेक्षा बराच जास्त येतो, हे न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठात मोजून पाहिलेलं आहे. माणसागणिकही फरक पडतो. टफ्ट्स विद्यापीठात २०१६ मध्ये ६३ जणांना साधा पांढरा ब्रेड पुन्हा पुन्हा दिला. सरासरी जीआय ६२ निघाला, पण एकेकट्याचे आकडे पाहिले तर कुणाला तो ब्रेड कमी गटात बसला, कुणाला मध्यम, कुणाला जास्त. म्हणून दोन ताटांची तुलना करायला जीएल चांगला, आपली साखर किती येणार याचं भाकीत करायला नाही. त्यासाठी मोजावंच लागतं.

आणि मोजण्यातच एक फसगत आहे, ती तुपातेलाच्या जेवणात हमखास होते.

गुढीपाडव्याला काकांकडे श्रीखंड-पुरी, बटाट्याची भाजी, मसालेभात. सणाचं जेवण, मी काही बोलले नव्हते. दुपारी काकांचा फोन आला, आवाज अगदी खुशीत. “दोन तासांनी १७६! भातापेक्षा श्रीखंड-पुरी बरी की गं.” मी म्हटलं, काका, संध्याकाळपर्यंत आलेख बघत राहा. तीन तासांनी २०५ झाले, चार तासांनी २१२. साडेपाच तास झाले तरी साखर मूळ जागी आलेली नव्हती.

तळलेल्या पुरीचं तेल आणि चक्क्यातली साय जठर इतकं मंद करतात की साखर, मैदा, बटाटा आणि भात दोन तासांत पुरते पोहोचतच नाहीत. ते नंतर येतात, आणि येतच राहतात. आपल्याकडे ‘पीपी’ म्हणून दोन तासांची तपासणी करायची रूढी आहे. साध्या वरण-भाताला, पोळी-भाजीला ती ठीक आहे, कारण त्यांचं शिखर त्याच्या आत येऊन जातं. श्रीखंड-पुरी, बिर्याणी, पिझ्झा यांचं शिखर दोन तासांच्या पलीकडे असतं. दोन तासांचा आकडा तेव्हा चढणीवरचा असतो, आपण त्याला शिखर समजतो. आइस्क्रीमचा जीआय ५१ येतो त्यामागेही दुधातल्या साखरेचा आणि घातलेल्या साखरेचा स्वभाव आहेच, पण सायीचा हात मोठा आहे, आणि मोजणी दोन तासांवर थांबते. तळलेला बटाटा उकडलेल्यापेक्षा यादीत खाली का बसतो, त्याचंही हेच उत्तर. त्या यादीवर विसंबून कुणी बटाटा उकडायचा सोडून तळायला लागलं, तर त्याच्या साखरेचं, वजनाचं आणि हृदयाचं, कशाचंच भलं होणार नाही.

ज्यांच्याकडे सेन्सर नाही, त्यांना मी एवढंच सांगते. एखादं ताट तपासायचं असेल तर पहिल्या घासापासून वेळ मोजा, शेवटच्या घासापासून नाही. साध्या जेवणाला एक आणि दोन तासांनी बघा. तळलेल्या, तुपातुपाच्या जेवणाला तीन आणि चार तासांनीही बघा. बोट टोचण्याआधी हात साबणाने धुऊन कोरडे करा. हे मी आंब्याच्या दिवसांत दोनदा सांगते, कारण हापूस सोलून झाल्यावर बोटाला राहिलेला रस पट्टीवर गेला तर यंत्र नसलेली साखर दाखवतं. आणि १६८ आणि १८० यांत फरक शोधत बसू नका. घरगुती यंत्राला खऱ्या आकड्याच्या पंधरा टक्के इकडे-तिकडे दाखवायची मुभा मानकातच दिलेली आहे. तेच ताट दोन-तीनदा तपासून प्रत्येक वेळी फरक मोठा आला, तर तो ताटाचा.

जे जेवणाआधी इन्सुलिन घेतात किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेतात, त्यांनी हे प्रयोग डॉक्टरांना सांगूनच करावेत. औषधाचा जोर आधी आणि मंदावलेल्या जेवणाची साखर नंतर, असं झालं तर मधल्या वेळात साखर घसरते, घाम फुटतो, हात थरथरतात. बरीच वर्षं मधुमेह असलेल्या काहींचं जठर मुळातच मंद झालेलं असतं. थोडं खाल्लं तरी पोट तासन् तास जड राहतं, मळमळतं. त्यांना आणखी मंद करायला नको. आणि मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी उसळ-डाळीचं प्रमाण परस्पर वाढवू नये. काकांना यातलं काही नाही, म्हणून त्यांच्याशी मोकळेपणाने बोलता आलं.

पुढच्या सणाच्या आधी काकूंनी पुरणपोळीचा विषय काढला. “डाळीचं पुरण आहे, वर तूप आहे, म्हणजे प्रथिन झालं, स्निग्ध झालं. मग चालेल ना?” प्रश्न अगदी योग्य होता, म्हणून आम्ही तिथेच कागदावर मांडलं. एका मध्यम पोळीला हरभऱ्याची डाळ ३० ग्रॅम, गूळ ३० ग्रॅम, कणीक २५ ग्रॅम. डाळीतून कर्बोदक सोळाच्या आसपास, जीआय ३०, जीएल ५. कणकेतून सोळा, जीआय ६० धरला तरी १० च्या आत. गुळातून पंचवीस-सव्वीस, आणि गूळ म्हणजे मुख्यतः साखरच, म्हणून साखरेचा ६५ लावला तर १७. बेरीज ३१-३२. म्हणजे एक पुरणपोळी बरोबर काकांच्या सुधारलेल्या पूर्ण जेवणाएवढी. तूप तिचं शिखर पुढे ढकलेल, डाळ थोडं बोथट करेल, पण गुळाचे पंचवीस ग्रॅम जिथल्या तिथे.

काकूंनी कागद पुन्हा वाचला. मग ठरलं ते असं: आधी कोशिंबीर आणि मटकीची उसळ, मग एक पोळी तुपासकट, कटाची आमटी वाटीभर, त्या दिवशी भात नाही. गूळ डाळीच्या पाऊणपटच घालायचा, असं काकूंनी स्वतःहून सुचवलं. “पुरण जरा कमी गोड लागेल,” एवढीच त्यांची काळजी होती. आणि काकांनी सेन्सरच्या आलेखावर चार तासांपर्यंत नजर ठेवायची, दोन तासांनी फोन करायचा नाही.